एका लॉटपुरता हिशेब

तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या व्यापारात एप्रिल महिना फार अडचणीचा असतो. शेडवरून सगळा माल एकदम बाजारात येतो, भाव त्यातल्या त्यात खाली असतात, आणि नेमकं तेव्हाच आमच्यासारख्या मध्यम व्यापाऱ्याचं भांडवल अडकलेलं असतं. माल घेऊन कोल्ड स्टोरेजला लावला आणि गणपती-दसऱ्याच्या आधी काढला तर चार पैसे सुटतात, पण त्यासाठी पाच-सहा महिने पैसा गुंतवून ठेवण्याची ताकद हवी. काही वर्षांपूर्वी असाच हिरव्या बेदाण्याचा एक लॉट माझ्यासमोर आला. सहाशे बॉक्स, पंधरा किलोचा एक, म्हणजे 9,000 किलो. माल चांगला होता. माझ्याकडे मात्र त्याच्या निम्मेच पैसे होते.

वाशीच्या मार्केटमध्ये सुक्या मेव्याचा गाळा असलेले एक काका आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचा संबंध, त्यामुळे ते मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना अहो-काका. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मी सात लाख घालतो. तिकडचं तू बघ, इकडची विक्री मी बघतो. नफा निम्मा-निम्मा. पण भागीदारी-बिगिदारी नको रे बाबा. तुझी पेढी तुझी, माझी माझी."

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे दोन व्यापाऱ्यांनी एखादा लॉट मिळून घेणं नवीनही नाही. पूर्वी ते तोंडी चालायचं, शेवटी वहीच्या मागच्या पानावर बेरीज-वजाबाकी व्हायची आणि येणंदेणं रोखीत मिटायचं. आता प्रत्येक किलोमागे जीएसटीचं बिल असतं आणि प्रत्येक रक्कम बँकेतून जाते, त्यामुळे मागचं पान पुरत नाही. तो लॉट आम्ही कसा चालवला आणि हिशेब कसा मिटवला, ते आकड्यांसकट लिहितो.

काकांना मी आधी दोन सरळ पर्याय सुचवले होते. एक, सात लाख मला उसने द्या, मी व्याज देतो. त्यात त्यांना रस नव्हता. भाव वाढला तर त्यातला वाटा हवा होता. दुसरा, माल मी घेतो, तुम्ही अडतीवर विकून द्या. त्यात ते फक्त कमिशनचे धनी झाले असते आणि माझी पैशाची अडचण तशीच राहिली असती. त्यांना जोखीमही अर्धी घ्यायची होती. तोटा आला तरी निम्मा त्यांचा, हे त्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे हा खरोखर सामायिक सौदा होता, कॉमर्सच्या पुस्तकात ज्याला जॉइंट व्हेंचर म्हणतात तोच.

आमच्या सीएंकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात गाडी अडवली. "भागीदारी नाही असं तुम्ही म्हणता. कायदा काय म्हणेल ते बघू." भारतीय भागीदारी कायदा 1932 चा. त्याच्या कलम 8 मध्ये स्पष्ट आहे की एखाद्या विशिष्ट व्यवहारापुरतीसुद्धा भागीदारी होऊ शकते. म्हणजे 'एकच तर सौदा आहे' हा बचाव नाही. कलम 6 सांगतं की भागीदारी आहे की नाही हे दोघांमधल्या खऱ्या संबंधावरून ठरवायचं. कागदावर मोठ्या अक्षरात 'ही भागीदारी नाही' लिहिलं म्हणून ती नसते असं नव्हे. नुसता नफा वाटून घेतला एवढ्यानेही कोणी भागीदार होत नाही. पाहायची गोष्ट ही की एक जण दुसऱ्याच्या वतीने धंदा करतो का, त्याच्या शब्दाने दुसरा बांधला जातो का.

मग त्यांनी दुसरी बाजू दाखवली. न नोंदवलेली भागीदारी ठरली आणि उद्या आपलं बिनसलं, तर करारातला हक्क वसूल करायला एकमेकांवर दावा लावणं अवघड; कलम 69 आडवं येतं, आणि मुख्यतः भागीदारी मोडून हिशेब मागण्याचाच रस्ता उरतो. आयकर खातं दोघांना मिळून 'व्यक्तींचा समूह', म्हणजे एओपी, धरू शकतं. तसं झालं तर त्या सौद्याला वेगळा पॅन, वेगळं विवरणपत्र, आणि हे सगळं एका बेदाण्याच्या लॉटसाठी.

म्हणून आमच्या व्यवहाराचा सांगाडा आधी ठरला आणि हिशेब नंतर. सामायिक नाव नाही. सामायिक बँक खातं नाही. (बँकेत गेलो असतो तरी पहिला प्रश्न पॅन कुणाचा, हाच आला असता.) माझ्या खरेदीच्या पट्ट्या, म्हणजे अडत्याची बिलं, माझ्या नावावर, काकांच्या विक्रीची बिलं त्यांच्या नावावर. माझ्या उधारीला काका जबाबदार नाहीत आणि त्यांच्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तो धक्का एकट्या त्यांचा. ही शेवटची अट काकांना आधी टोचली. पण माझ्या सांगलीतल्या विक्रीलाही तीच अट लागू होती, आणि कुणाला उधार द्यायचं हे ज्याचं तो ठरवणार असेल तर बुडीतही त्याचीच, हे त्यांना पटलं.

हे सगळं एका पत्रात लिहून दोघांनी सह्या केल्या. पत्र लांबलचक नव्हतं. त्यात लॉटचं वर्णन होतं, कोण काय खर्च करणार ते होतं, आणि कोणता खर्च सौद्याला लावायचा नाही तेही होतं: माझ्या दिवाणजीचा पगार, काकांच्या गाळ्याचं भाडं, आमचे फोन, एकमेकांकडे जाण्यायेण्याचा खर्च. खरेदीच्या पैशावर दरसाल 12 टक्के, म्हणजे महिना एक टक्का, व्याज आधी काढायचं आणि उरेल तो नफा निम्मा. हिशेबाची अखेरची तारीख 1 ऑक्टोबर. त्या दिवशी माल उरला तर तो कुणी आणि कोणत्या भावाने घ्यायचा, तेही लिहिलं. वाद झाल्यास दोघांच्या ओळखीचा एक जुना अडत्या सांगेल ते मान्य.

व्याजाच्या कलमावर काका हसले होते. "निम्मे पैसे तुझे, निम्मे माझे, मग व्याज कशाला?" पण निम्मे नव्हते. वटाव वजा जाता 160 रुपये किलोने माल पडला, म्हणजे 14,40,000. बाजार समितीचा सेस, हमाली, तोलाई, कोल्ड स्टोरेजपर्यंतची गाडी मिळून 20,000. एकूण 14,60,000. काकांचे सात लाख 1 एप्रिलला माझ्या खात्यात आले, बाकीचे 7,60,000 मी घातले. सगळी रक्कम त्याच दिवशी अडत्याला गेली.

वटावाचं आवर्जून सांगतो. अडत्याला लगेच पैसे दिले की तो काही टक्के सोडतो. सामायिक सौद्यात खरेदी करणारा पट्टीचा भाव सांगतो आणि वटाव खिशात घालतो, ही फार जुनी खोड आहे. दोघांत पहिली शंका शिरते ती बहुधा इथूनच. मी काकांना पट्टी आणि बँकेचा उतारा दोन्ही पाठवले. पट्टीवरच्या रकमेपेक्षा खात्यातून कमी गेली असेल, तर तो फरक सौद्याचा.

दुसरी काळजी कोल्ड स्टोरेजमध्ये घ्यावी लागली. तिथे माझा स्वतःचा मालही होता. सौद्याचा लॉट आणि माझा माल एकत्र ठेवला तर सप्टेंबरमध्ये चढ्या भावाने विकला तो माझा आणि रंग उतरलेला तो सौद्याचा, असं म्हणायला मी मोकळा. म्हणून सहाशे बॉक्सची पावती स्वतंत्र लॉट नंबरने करून घेतली, बॉक्सवर तोच नंबर टाकला आणि पावतीचा फोटो काकांकडे गेला. टॅलीत त्या सौद्याचं एक कॉस्ट सेंटर उघडलं. खरेदी, भाडं, मजुरी, विक्री जिथली तिथे नेहमीच्या खात्यांत पडते, पण प्रत्येक नोंदीला ती खूण लागते आणि सौद्यापुरता उतारा वेगळा काढता येतो. काका अजून वहीवाले. त्यांनी खतावणीत एक पान राखून ठेवलं.

इथे हिशेबाच्या पद्धतीबद्दल थोडं. कॉमर्सच्या पुस्तकात याच्या तीन पद्धती शिकवतात. पहिलीत सौद्याची वेगळी वही आणि सामायिक बँक खातं असतं; ती आम्ही वर सांगितलेल्या कारणाने सोडली. दुसरीत प्रत्येक जण स्वतःच्या वहीत आपले आणि दुसऱ्याचेही सगळे व्यवहार नोंदवतो. दुसऱ्याने काय खर्च केला ते रोजच्या रोज कळत असेल तरच ते जमतं. शिवाय जी खरेदी मी केलीच नाही ती माझ्या वहीत आणायची म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्राशी वहीचा मेळ बसत नाही. तिसरी पद्धत मेमोरंडमची. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या हातून झालेलं लिहायचं. शेवटी दोघांचे उतारे एकत्र करून एका कागदावर सौद्याचं नफा-तोटा पत्रक मांडायचं. तो कागद कुणाच्याच वहीचा भाग नसतो, त्यातला निकाल तेवढा दोघांच्या वहीत उतरतो. दोन गावांतल्या दोन स्वतंत्र पेढ्यांना हीच सोसते.

सप्टेंबर उजाडला तेव्हा माल बाहेर काढला. भाडं आणि विमा मिळून 40,000 झाले. मशीनवर साफसफाई, प्रतवारी आणि नवं पॅकिंग चार रुपये किलोने, 36,000. दोन्ही मी दिले. साफ केल्यावर काडी-कचरा आणि सुकवणुकीची घट जाऊन 8,910 किलो भरला, म्हणजे 594 बॉक्स. नव्वद किलोची घट एक टक्का झाली. एवढी घट सौद्याचीच, ती कुणाच्या नावावर टाकायची नसते. उरलेल्या मालाचा पडता भाव, म्हणजे किलोमागे पडलेला खर्च, तेवढा वाढतो. कोल्ड स्टोरेजचं मशीन बंद पडून माल खराब झाला असता तर गोष्ट वेगळी. ते नुकसान आणि त्यावर मिळालेला विमा वेगळे दाखवावे लागतात, नाहीतर माल वाईट घेतला म्हणून तोटा आला की अपघाताने, हे कळत नाही.

त्यातले चारशे बॉक्स वाशीला पाठवायचे होते, आणि इथे पुस्तक आणि कायदा एकमेकांना भिडतात. पुस्तकाच्या हिशेबाने मी काकांना माल 'विकत' नाही. सौद्याचा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, नफा अजून झालेलाच नाही. जीएसटीच्या दृष्टीने मात्र मी एक नोंदणीकृत व्यापारी, काका दुसरे, आणि त्यांना तो माल स्वतःच्या नावाने विकायचा आहे. माझ्या बिलाशिवाय त्यांच्याकडे माल आलाच कुठून? तेव्हा बिल करणं भागच होतं. ई-वे बिलही त्यावरच निघणार.

पण कोणत्या भावाने? बाजारभावाने केलं तर सगळा नफा माझ्याच वहीत दिसेल आणि काकांकडे काही उरणार नाही. सीएंनी सांगितलं की पडत्या भावाने करा, आणि अंतिम भाव हिशेबानंतर ठरेल असं बिलावर आणि पत्रात दोन्हीकडे लिहा. तोवरचा खर्च 14,60,000 अधिक 76,000, म्हणजे 15,36,000. त्याला 8,910 ने भागलं की किलोला 172 रुपये आणि वर काही पैसे. आम्ही 172 धरले. सहा हजार किलोचे 10,32,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 51,600. जीएसटीची रक्कम काकांनी लगेच पाठवली आणि त्यांना तिचं क्रेडिट मिळालं. आमच्या आपसातल्या हिशेबात जीएसटी कुठेच धरलेला नाही. तो ज्याचा त्याने भरायचा आणि वळता करून घ्यायचा. त्यांचे एप्रिलमधले सात लाख या बिलापोटीची आगाऊ रक्कम म्हणून वळते झाले. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये काही भरायचं नव्हतं.

काकांनी आपले सहा हजार किलो 205 ने विकले, 12,30,000. ट्रकभाडं 12,000, दलाली 12,000, हमाली 3,000, असे 27,000 त्यांनी खर्च केले. मी सांगलीत 2,700 किलो 195 ने विकला, 5,26,500. माझे चौदा बॉक्स उरले, 210 किलो. रंग काळपट पडलेला होता आणि गिऱ्हाईक कमी.

उरलेल्या मालावर थोडी ओढाताण झाली. मी म्हटलं 140 ने घेतो, काका म्हणाले 160 च्या खाली द्यायचा नाही. पत्रात लिहिलं होतं की त्या आठवड्यातल्या बाजारातल्या लिलावात तशाच प्रतीचा माल गेला असेल तो भाव. पट्ट्या काढल्या तर 150 निघाला. 31,500 ला मी घेतला. काकांना मी दाखवून दिलं की भावात दहा रुपयांचा फरक म्हणजे सौद्यात 2,100 चा फरक, त्यातले निम्मे कमी-जास्त होणार माझेच. आपण भांडतोय ते प्रत्येकी हजार रुपयांवर. असं गणित आधी मांडलं की आवाज आपोआप खाली येतो.

याच सुमारास काकांच्या कानावर गेलं की मी सांगलीत 210 ने माल विकला. खरंच विकला होता, पण तो माझा पिवळा माल, दुसऱ्या लॉट नंबरचा. कोल्ड स्टोरेजची बाहेर काढल्याची पावती आणि विक्रीचं बिल त्यांना पाठवलं. पुढे विषय निघाला नाही. लॉट नंबर टाकलेला नसता तर तोंडी समजावून मी किती पटवू शकलो असतो, कोण जाणे.

मग 1 ऑक्टोबरच्या हिशेबाचा तो एक कागद मांडला. विक्री काकांची 12,30,000, माझी 5,26,500 आणि मी घेतलेला माल 31,500, मिळून 17,88,000. खर्च माझा 15,36,000 आणि काकांचा 27,000, मिळून 15,63,000. फरक 2,25,000.

यातून व्याज. माझ्या 7,60,000 वर सहा महिन्यांचे 45,600, काकांच्या 7,00,000 वर 42,000. पत्रात ठरल्याप्रमाणे किरकोळ खर्चावर व्याज धरलं नाही. दोन्ही व्याजं मिळून 87,600 गेले, उरला 1,37,400. प्रत्येकाला 68,700.

म्हणजे माझ्या वाट्याला 1,14,300 आणि काकांच्या 1,10,700. व्याज न धरता निम्मे केले असते तर प्रत्येकी 1,12,500. एवढ्या सगळ्या व्याजाच्या उठाठेवीने फरक पडला तो 1,800 रुपयांचा. काका पुन्हा हसले. पण हे हसणं त्या सौद्यापुरतंच खरं आहे. निम्म्या वाटणीत व्याज फक्त दोघांच्या पैशातल्या फरकावर काम करतं, आणि आमचा फरक साठ हजारांचाच होता. सगळे 14,60,000 मी एकट्याने घातले असते आणि व्याजाच्या कलमाशिवाय नफा निम्मा केला असता, तर 87,600 व्याज आधी निघालं नसतं म्हणून माझे 43,800 गेले असते. ज्याचा पैसा जास्त त्याने हे कलम सोडू नये आणि ज्याचा कमी त्याने त्याचा बाऊ करू नये.

आता देणंघेणं. काकांच्या हातात विक्रीचे 12,30,000 आले. त्यांनी घातलेले सात लाख, खर्चाचे 27,000, व्याज 42,000 आणि नफा 68,700 मिळून त्यांचे 8,37,700 होतात. उरलेले 3,92,300 त्यांनी मला द्यायचे. माझ्या बाजूने ताळा घेतला. मी खर्च केले 15,36,000, त्यात माझं व्याज आणि नफा 1,14,300 मिळवला की 16,50,300. मला मिळालं काकांचे सात लाख, विक्री 5,26,500 आणि उरलेला माल 31,500, मिळून 12,58,000. फरक पुन्हा 3,92,300. दोन्ही बाजूंनी एकच आकडा आला तरच हिशेब संपला समजायचं. वेगळा आला तर एखादी रक्कम दोघांच्या उताऱ्यात आहे किंवा कुणाच्याच नाही, आणि बहुधा ती ट्रकभाड्यासारखी असते, जी कुणी द्यायची आणि कुणी दिली यात घोळ झालेला असतो.

ही रक्कम वहीत कशी आणायची, हाच मला सगळ्यांत जास्त सतावणारा प्रश्न होता. काकांनी मला नफ्याचा वाटा म्हणून चेक दिला, तर तो माझ्याकडे कसलं उत्पन्न आणि त्यांच्याकडे कसला खर्च? 'नफ्यातला हिस्सा' असं नाव दिलं की एओपीचा प्रश्न आपणच ओढवून घेतला. सीएंचं उत्तर साधं होतं. माझ्या बिलाचे 10,32,000, त्यातले सात लाख आगाऊ मिळालेले, म्हणून माझं येणं 3,32,000. हिशेब म्हणतो 3,92,300. मधले 60,300 म्हणजे त्या सहा हजार किलोचा भाव आपण कमी लावला होता. तेवढ्याची डेबिट नोट, म्हणजे वाढीव रकमेचं पुरवणी बिल, काढा.

60,300 ची डेबिट नोट काढली, त्यावर 5 टक्क्यांनी 3,015 जीएसटी. मालाची अंतिम किंमत झाली 10,92,300, म्हणजे किलोला 182 रुपये आणि पाच पैसे. मग दोघांच्या वह्या तपासल्या. काकांची विक्री 12,30,000, त्यातून खरेदी 10,92,300 आणि खर्च 27,000 गेला की 1,10,700. अगदी त्यांचं व्याज अधिक नफा. माझी काकांना विक्री 10,92,300, सांगलीची 5,26,500, शिल्लक माल 31,500, त्यातून 15,36,000 वजा, 1,14,300. व्याज वेगळं दाखवायला लागलं नाही आणि नफ्याच्या हिश्श्याला वेगळं खातं लागलं नाही. सगळं ज्याच्या त्याच्या मालाच्या व्यापारातच बसलं, आणि ज्याने त्याने आपापल्या विवरणपत्रात त्यावर कर भरला.

तोटा आला असता तर काय, हे काकांनी विचारलं म्हणून तोही कागद मांडला. समजा वाशीत 165 आणि सांगलीत 160 मिळाले असते. उरलेला माल त्याच 31,500 ला धरून विक्री 14,53,500, खर्च तोच 15,63,000. तोटा 1,09,500, व्याज धरून 1,97,100, प्रत्येकी 98,550. त्या हिशेबाने काकांच्या मालाची किंमत 10,19,550 येते, म्हणजे मला 12,450 ची क्रेडिट नोट द्यावी लागली असती. क्रेडिट नोटने भरलेला कर कमी करून घ्यायला मुदत आहे, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, आणि काकांनाही तेवढं क्रेडिट परत करावं लागतं. सौदा रेंगाळू द्यायचा नाही तो यासाठीही. शिवाय तो 31 मार्चच्या पलीकडे गेला तर उरलेला माल ज्याच्याकडे असेल त्याच्या शिलकीत दाखवावा लागतो आणि अर्धवट नफा-तोटा वाटायचा की नाही हा नवा प्रश्न उभा राहतो. आमचा एप्रिलला सुरू होऊन ऑक्टोबरला संपला, एकाच वर्षात.

काकांनी 3,32,000 आणि डेबिट नोटचे 63,315 मिळून 3,95,315 पाठवले. महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये डेबिट नोट गेली, काकांच्या 2बी मध्ये, म्हणजे त्यांच्या खरेदीवरच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, दिसली, आणि मी टॅलीतलं ते कॉस्ट सेंटर बंद केलं.

पुढच्या हंगामात काकांचा फोन आला. एकाऐवजी तीन लॉट घेऊ, हळदही बघू, याच पद्धतीने. सीएंना विचारलं तर त्यांनी नकार दिला. एक सौदा एकदा केला आणि मिटवला, तोवर हा युक्तिवाद चालतो. दरवर्षी, एकामागून एक, दोघांचा पैसा, दोघांचा नफा आणि दर वेळी किंमत मागाहून डेबिट नोटने ठरवायची, असं होऊ लागलं की पत्रात काहीही लिहा, ती भागीदारीच दिसेल. मग सरळ फर्म नोंदवा, नाहीतर किंमत आधी ठरवून माल विका. काकांना फर्म नको होती. म्हणून त्या वर्षी मी लॉट एकट्याने घेतला, थोडा लहान, आणि त्यातले दोनशे बॉक्स काकांना ठरलेल्या भावाने, निम्मे पैसे आगाऊ घेऊन विकले. भाव त्यानंतर चढला. तो सगळा काकांचा.